एक सेकंद झाला, नेमक्या त्या क्षणी

सात मजली इमारतीच्या गच्चीवरून एक दगड खाली सोडला. फेकला नाही, नुसता हातातून सोडून दिला. सोडल्याला बरोबर एक सेकंद झाला, नेमक्या त्या क्षणी त्याचा वेग किती होता?

वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, हे शाळेत शिकलेलं असतं. शंभर किलोमीटर दोन तासांत कापले तर ताशी पन्नास. हाच नियम इथे लावून पाहू. 'नेमक्या त्या क्षणी' म्हणजे किती वेळ? क्षणाला लांबी नाही, तेव्हा वेळ शून्य. शून्य वेळात दगड किती अंतर खाली आला? तेही शून्य. म्हणजे वेग झाला शून्य भागिले शून्य, आणि शून्याने भागायचं नाही हे तर आपल्याला लहानपणीच बजावलेलं असतं. इथे हिशोब अडतो. पण दगड अडत नाही. अर्ध्या सेकंदाला तो आतापेक्षा सावकाश पडत होता, दीड सेकंदाला आतापेक्षा जोरात पडणार आहे, तेव्हा या घडीलाही त्याला काहीतरी वेग असणारच. उत्तर आहे, पण ते काढण्याचा नेहमीचा रस्ता बंद आहे.

अकरावीच्या गणितात 'लिमिट' नावाचं प्रकरण येतं. मराठी ग्रंथांत त्याला सीमा म्हणतात. बहुतेक विद्यार्थ्यांची त्याच्याशी पहिली भेट होते ती अशी: वर एक राशी, खाली एक राशी, अवयव पाडा, सारखा अवयव काढून टाका, उरलेल्यात किंमत घाला, उत्तर लिहा. चार दिवसांत हे जमतं आणि गुणही मिळतात. पण आपण नेमकं काय शोधलं, हे विचारलं तर वर्गात शांतता पसरते. मला हा क्रम उलटा वाटतो. आधी प्रश्न कळला पाहिजे, युक्ती नंतर. आणि सीमा ही कल्पना ज्या प्रश्नातून वाढली, त्याचं हा पडणारा दगड अगदी स्वच्छ उदाहरण आहे. म्हणून हा लेखभर आपण त्याचाच पाठलाग करणार आहोत.

गॅलिलिओने दाखवून दिलेला नियम असा: पडणाऱ्या वस्तूने कापलेलं अंतर हे वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर मीटर आणि सेकंदांत हे अंतर येतं ४.९ गुणिले वेळेचा वर्ग. आकडेमोड हलकी राहावी म्हणून मी ४.९ च्या जागी ५ धरतो. त्याने कल्पनेत काही फरक पडत नाही. तर, एक सेकंदात दगड ५ मीटर खाली येतो आणि दोन सेकंदांत ५ गुणिले ४, म्हणजे २० मीटर.

क्षणाचा वेग काढता येत नसेल, तर क्षणाला लागून असलेल्या छोट्या अवधीचा सरासरी वेग काढून पाहू. तिथे वेळ शून्य नसतो, त्यामुळे भागाकार बिनधोक करता येतो. एक ते दोन सेकंद या अवधीत दगड ५ मीटरवरून २० मीटरवर गेला. एका सेकंदात १५ मीटर, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर. पण या अवधीत दगडाचा वेग सतत वाढत होता, त्यामुळे १५ हा आकडा आपल्याला हव्या असलेल्या क्षणापेक्षा पुढच्या वेळेचंच जास्त वर्णन करतो. अवधी आखडता घेऊ. एक ते १.१ सेकंद: १.१ चा वर्ग १.२१, त्याची पाचपट ६.०५ मीटर. म्हणजे ०.१ सेकंदात १.०५ मीटर, सरासरी वेग १०.५. आणखी आखडू. एक ते १.०१ सेकंद: सरासरी १०.०५. एक ते १.००१ सेकंद: १०.००५.

आता दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवं, कारण क्षणाच्या आधीही दगड पडतच होता. ०.९ ते १ सेकंद या अवधीचा सरासरी वेग येतो ९.५. ०.९९ पासून १ पर्यंत ९.९५. ०.९९९ पासून १ पर्यंत ९.९९५. नंतरच्या बाजूने आकडे वरून खाली येत आहेत, आधीच्या बाजूने खालून वर चढत आहेत, आणि दोन्ही बाजू १० कडे चालल्या आहेत. इतकं पाहिल्यावर कोणीही म्हणेल, त्या क्षणी वेग सेकंदाला १० मीटर असणार. ताशी ३६ किलोमीटर.

पण 'असणार' म्हणणं वेगळं आणि खात्री असणं वेगळं. तक्ता कितीही लांबवला तरी त्यात मोजक्याच ओळी असतात. खरं उत्तर १० नसून १०.००००००३ आहे, आणि तीन-चार ओळींत तो बारीक फरक आपल्या नजरेत आला नाही, असं कशावरून नाही? तक्ता अंदाज देतो, पुरावा देत नाही. हा फरक पहिल्याच दिवशी लक्षात आला की पुढच्या निम्म्या अडचणी उभ्याच राहत नाहीत.

पुराव्यासाठी एकेक आकडा घेणं सोडू आणि सगळ्या छोट्या अवधींचा हिशोब एकाच वेळी करू. अवधीला क्ष म्हणू. १ सेकंदाला दगड ५ मीटरवर आहे. १ + क्ष सेकंदाला तो ५ गुणिले (१ + क्ष)² मीटरवर आहे. वर्ग उलगडला तर हे होतं ५ + १०क्ष + ५क्ष². यातून आधीचे ५ मीटर वजा केले की मधल्या अवधीत कापलेलं अंतर उरतं: १०क्ष + ५क्ष². त्याला अवधीने, म्हणजे क्षने भागलं की सरासरी वेग आला:

१० + ५क्ष

वरचा सगळा तक्ता या छोट्याशा राशीत मावला आहे. क्ष १ असेल तर १५, ०.१ असेल तर १०.५, ०.०१ असेल तर १०.०५. मागे जायचं असेल तर क्ष ऋण घ्या: उणे ०.१ घातलं की ९.५. आणि १० पासून आपण किती दूर आहोत, हेही आता उघड दिसतं. बरोबर ५क्ष इतकं दूर. तसा बारीक लपलेला फरक कुठे असता, तर तो याच राशीत दिसला असता.

आता मोह होतो की क्ष शून्य करून टाकावा. १० + ० म्हणजे १०, झालं उत्तर. वहीत तेच लिहिलं जातं. पण इथेच एक खरी अडचण आहे, आणि ती ज्याला बोचते तो विद्यार्थी चांगला विचार करतो आहे. आपण क्षने भागलं तेव्हा क्ष शून्य नाही असं गृहीत धरलं होतं, एरवी भागताच आलं नसतं. आणि भागून झाल्यावर पुढच्याच ओळीत तोच क्ष शून्य आहे असं म्हणतो. एकाच हिशोबात एक वस्तू आधी आहे आणि मग नाही, हे कसं चालेल?

ही शंका नेमकी अशीच १७३४ साली आयर्लंडमधल्या जॉर्ज बर्कली नावाच्या तत्त्वज्ञ बिशपने 'द ॲनालिस्ट' या पुस्तकात मांडली. न्यूटनच्या अनुयायांचं गणित त्याच्या समोर होतं. त्यांची उत्तरं चुकतात असं त्याचं म्हणणं नव्हतं. उत्तरं बरोबर येतात, पण तिथवर जाण्याचा तर्क लंगडा आहे, असा त्याचा आरोप होता: जे गृहीत धरून तुम्ही पुढे आलात ते अर्ध्या वाटेवर टाकून देता आणि त्यातून मिळालेलं फळ मात्र ठेवून घेता. आरोप बिनतोड होता. न्यूटनला या अडचणीची जाणीव नव्हती असं नाही. १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त त्याने स्पष्ट केलं आहे की आपण नाहीशा झालेल्या राशींचं गुणोत्तर घेत नसून, राशी लहान लहान होत असताना त्यांचं गुणोत्तर ज्या किमतीच्या हवं तितकं जवळ जातं त्या किमतीबद्दल बोलतो आहोत. कल्पनेचा गाभा या म्हणण्यात आहे. पण 'हवं तितकं जवळ' म्हणजे नेमकं काय, हे पक्कं करायला आणखी शंभरेक वर्षं गेली. १८२१ साली पॅरिसमध्ये कोशीने आपल्या पाठ्यपुस्तकात सीमा या कल्पनेवर सगळ्या कलनशास्त्राची उभारणी केली, आणि पुढे बर्लिनमध्ये वायरश्ट्रासने तिच्यातली उरलीसुरली संदिग्धता काढून टाकली.

त्यांनी शोधलेली वाट समजायला चिन्हांची गरज नाही. ती एका पैजेसारखी आहे.

मी दावा करतो की सीमा १० आहे. तुमचा त्यावर विश्वास नाही. तुम्ही मला अट घालता: सरासरी वेग १० च्या आसपास ०.०१ च्या आत आणून दाखव. मी उत्तर देतो: अवधी ०.००२ सेकंदापेक्षा कमी ठेवा, पुढे किंवा मागे, म्हणजे काम होईल. तपासून पाहा, १० पासूनचा फरक ५क्ष आहे आणि ०.००२ ची पाचपट ०.०१ होते. तुमचं समाधान होत नाही. तुम्ही म्हणता, ०.०००००१ च्या आत आण. मी म्हणतो, अवधी ०.००००००२ पेक्षा कमी ठेवा. तुम्ही अट कितीही कडक करा, मी तिला पाचाने भागून अवधीची मर्यादा सांगेन आणि दर वेळी पैज जिंकेन. मुद्दा एवढाच की मला दर वेळी जिंकता येतं, आणि का जिंकता येतं याचं कारण माझ्याकडे आहे.

या सगळ्यात क्ष एकदाही शून्य झाला नाही, हे पाहिलंत का? अवधी ०.००२ पेक्षा कमी आहे, पण शून्य नाही. प्रत्येक भागाकार वैध आहे. बर्कलीचा आक्षेप इथे लागूच होत नाही, कारण कुठलीच वस्तू आधी असून मग नाहीशी होत नाही. वहीत आपण 'क्ष = ०' घालतो ती सोय असते. १० + ५क्ष या सरळसोट राशीत शून्य घालून येणारी किंमत आणि सीमा एकच आहेत, हे पैजेतून आधी पटलेलं असतं, म्हणून ती सोय चालते.

पैजेचा दुसरा उपयोग म्हणजे चुकीचे दावे तिच्यात उघडे पडतात. समजा कोणी म्हणालं, सीमा १०.००१ आहे. ठीक आहे, अट घाला: १०.००१ च्या आसपास ०.०००५ च्या आत आणि तिथेच राहून दाखव. म्हणजे सरासरी वेग १०.०००५ आणि १०.००१५ च्या मध्ये राहिला पाहिजे. त्यासाठी अवधी ०.०००१ आणि ०.०००३ सेकंदांच्या मध्ये असावा लागतो. अवधी त्याहून लहान केला की वेग १०.०००५ च्या खाली घसरतो आणि परत वर येत नाही. दावेदार हरला. जवळून जाणं पुरत नाही, जवळ येऊन टिकावं लागतं. म्हणूनच सीमा एकच असू शकते.

इथे वर्गात हमखास एक वाक्य ऐकू येतं: सीमा म्हणजे जिच्या जवळ जवळ जातो पण जिथे कधीच पोचत नाही ती किंमत. वाक्य सुरेख आहे, आणि चूक आहे. दगडाऐवजी सरळ रस्त्यावर सेकंदाला १५ मीटर अशा एकसारख्या वेगाने धावणारी गाडी घ्या. कोणत्याही क्षणाच्या आसपास कितीही छोटा अवधी घ्या, सरासरी वेग १५ च येतो. सीमा किती? १५. पोचलो का? पहिल्यापासून तिथेच होतो. पैजेत पोचण्या-न पोचण्याचा प्रश्नच विचारलेला नाही. प्रश्न फक्त एवढाच आहे की फरक हवा तितका कमी ठेवता येतो की नाही, आणि शून्य फरक तर कुठलीही अट पाळतो.

याच्याच जोडीला दुसरी शंका येते. मागच्या बाजूने आपण ९.५, ९.९५, ९.९९५ असे चढत होतो. मग खरी सीमा ९.९९९… अशी न संपणारी संख्या आहे की १०? ९.९९९… ही चालत जाणारी संख्या आहे असं समजल्यामुळे हा गोंधळ होतो. संख्या चालत नाहीत. ९.९, ९.९९, ९.९९९ हे आकडे एकामागून एक लिहिले तर ते ज्या एका किमतीच्या हवं तितकं जवळ जाऊन टिकतात, त्या किमतीलाच आपण ९.९९९… हे नाव देतो. ती किंमत १० आहे. एकाच संख्येची ही दोन नावं आहेत.

शून्य भागिले शून्य या गाठीशी आपल्याकडेही कोणी झुंजलं होतं का, असा प्रश्न मराठी वाचकाला पडणं स्वाभाविक आहे. झुंजलं होतं, आणि ते नाव घरचं आहे. भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. त्याचाच एक भाग असलेल्या 'लीलावती'त एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच अर्ध मिळवलं, तीनने गुणलं आणि मग शून्याने भागलं, तर ६३ आले. ती संख्या कोणती? शब्दशः हिशोब केला तर पहिल्याच पायरीला सगळं शून्य होऊन जातं आणि प्रश्न संपतो. भास्कराचार्य तसं करत नाहीत. हिशोब अजून पुरा व्हायचा असेल तर शून्याने गुणलेली राशी शून्य करून टाकू नका, ती तशीच धरून ठेवा, आणि पुढे शून्यानेच भागायची वेळ आली तर मूळ राशी परत मिळाली असं समजा, असा त्यांचा नियम आहे. मग संख्येची दीडपट, तिची तिप्पट, म्हणजे साडेचारपट बरोबर ६३, आणि संख्या १४. या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग होतो, असंही ते सांगतात.

आजच्या नियमांनी पाहिलं तर शून्याने भागणं चूकच. पण त्यांच्या शून्याच्या जागी आपला क्ष ठेवा, म्हणजे जो लहान आहे पण शून्य झालेला नाही, आणि तीच कृती वैध होते: क्षने गुणलं, क्षने भागलं, राशी परत आली. दगडाच्या हिशोबात १०क्ष + ५क्ष² ला क्षने भागताना आपण हेच केलं.

आणि ग्रहगणितात उपयोग का, तर तिथेही दगडाचाच प्रश्न होता. चंद्राची गती रोज सारखी नसते. तो दिवसाला साधारण १२ ते १५ अंश सरकतो, आणि ही गती सतत बदलत असते. आजची जागा आणि उद्याची जागा यांतल्या फरकाला दिवसाची गती म्हणणं म्हणजे एक ते दोन सेकंदांच्या सरासरीला एका सेकंदाचा वेग म्हणण्यासारखं आहे. तिथी नेमकी कधी संपते हे काढायचं तर ते पुरत नाही. म्हणून भास्कराचार्यांनी त्या त्या वेळेची, तात्कालिक गती वेगळी मानली, आणि ती काढताना ज्येतला छोटा फरक हा कोटिज्येच्या प्रमाणात असतो हे वापरलं. आज बारावीचा विद्यार्थी साइनचं विकलन कोसाइन असं जे पाठ करतो, त्याचं हे त्या काळातलं रूप. सीमेची कल्पना त्यांनी मांडली, असं मात्र म्हणता येणार नाही. 'हवं तितकं जवळ' ही अट त्यांच्या लिखाणात नाही. क्षणाची गती हा सरासरी गतीपेक्षा वेगळा प्रश्न आहे, हे त्यांना लख्ख दिसलं होतं, आणि माझ्या मते तेवढंही फार मोठं आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे.

आता एक सोपा वाटणारा मार्ग तपासू. हातात संगणक असताना इतका विचार कशाला? क्षला अतिशय लहान किंमत द्यावी, भागाकार करावा, जे येईल ते उत्तर. पायथनमध्ये ही दोन ओळींची गोष्ट आहे:

```
for h in (1e-3, 1e-15, 1e-16):
    print(h, 5*((1 + h)**2 - 1)/h)
```

इथे h म्हणजे आपला क्ष. अवधी एक हजारांश सेकंद असताना उत्तर १०.००५ च्या अगदी जवळ येतं, ते ठीक. मग अवधी १० चा उणे पंधरावा घात, म्हणजे दशांशचिन्हानंतर चौदा शून्यं आणि मग एक. इथे उत्तर आणखी अचूक यायला हवं. येतं सुमारे ११.१. अवधी अजून दहापटीने कमी केला तर येतं शून्य. दगड थांबला!

दोष सीमेचा नाही. संगणक नेहमीच्या पद्धतीने संख्या साठवतो तेव्हा त्यात साधारण सोळा अंकच मावतात. १ मध्ये इतका बारीक अवधी मिळवला की बेरजेचं शेपूट कापलं जातं किंवा जवळच्या साठवता येणाऱ्या संख्येवर ढकललं जातं. शेवटच्या ओळीत तर १ अधिक तो अवधी ही संख्या संगणकाच्या लेखी नुसती १ च असते. त्यातून १ वजा केला की राहतं शून्य. मधल्या ओळीत अवधी सुमारे अकरा टक्क्यांनी फुगला आणि तितकीच चूक उत्तरात उतरली. ओळखण्याची खूण अशी: अवधी कमी करत जाताना उत्तर आधी स्थिरावतं आणि मग पुन्हा भरकटायला लागतं. तसं दिसलं की समजावं, आता आपण दगडाऐवजी संगणकाची मर्यादा मोजतो आहोत. सीमा म्हणजे 'खूप लहान संख्या घालून येणारं उत्तर' नव्हे, हे यातून चांगलं कळतं. कुठलीही एक लहान संख्या, कितीही लहान असली, तरी ती पैजेतली एकच फेरी असते.

आणि पैज हरली जाते तेव्हा? तेही याच दगडावर पाहता येतं. आता तो गच्चीवरून न सोडता बरोबर ५ मीटर उंचीच्या गॅलरीतून सोडू. खाली ओली माती आहे, दगड पडला की तिथेच रुतून बसतो. एक सेकंदाला तो जमिनीला टेकतो. सूत्र असं होईल: एक सेकंदापर्यंत ५ गुणिले वेळेचा वर्ग, त्यानंतर कायम ५ मीटर. त्या क्षणी दगड कुठे आहे यात कसलीही शंका नाही. तो जमिनीवर आहे. पण त्या क्षणी त्याचा वेग किती?

आधीच्या बाजूने सरासरी पूर्वीसारखीच आहे: ९.५, ९.९५, ९.९९५. नंतरच्या बाजूने दगड हललेलाच नाही, त्यामुळे सरासरी ०, ०, ०. कोणी म्हणालं सीमा १०, तर मी अट घालेन: १ च्या आत आण. तो अवधी कितीही लहान ठेवो, क्षणानंतरचा प्रत्येक अवधी शून्य देईल आणि अट मोडेल. कोणी म्हणालं सीमा शून्य, तर आधीची बाजू मोडेल. मधला उपाय म्हणून कोणी ५ म्हणालं तर दोन्ही बाजू मोडतील. इथे डाव्या बाजूची सीमा १० आहे, उजव्या बाजूची ० आहे, आणि दोन्ही मिळून एक सीमा नाही. 'सीमा अस्तित्वात नाही' असं पाठ्यपुस्तक म्हणतं ते हेच. परीक्षेत विद्यार्थी या ठिकाणी अडखळतात, कारण उत्तर 'नाही' असू शकतं याची सवय नसते. दोन्ही बाजूंनी वेगवेगळं तपासलं की शंका राहत नाही.

मग जमिनीला टेकताना दगडाला खरोखरच वेग नसतो का? अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं तर दिसेल की दगड एका क्षणात थांबत नाही. माती दबते, तो थोडा आत शिरतो, आणि त्या अगदी छोट्या काळात त्याचा वेग १० वरून शून्यावर उतरतो. आपलं सूत्र तो काळ गाळून टाकतं. ते दगडाला एका बिंदूवर आपटतं आणि तिथेच गोठवतं. सीमा नाही हे उत्तर त्या सूत्राबद्दलचं आहे आणि सूत्रापुरतं ते पूर्ण खरं आहे. मातीत शिरतानाचा वेग हवा असेल तर मातीच्या प्रतिकाराचा हिशोब धरणारं नवं सूत्र बनवावं लागेल, ते त्या छोट्या काळातलं अंतर सांगेल, आणि मग त्या काळातला एखादा क्षण निवडून, त्याच्या दोन्ही बाजूंना अवधी आखडत नेत, पैज पुन्हा लावता येईल.